विषय कळवला, बाजू नाही कळवली: वादविवादाचं भाषण लिहून देणाऱ्या नवख्यांसाठी

"सर, शनिवारी वादविवाद स्पर्धा आहे. विषय 'एक देश, एक निवडणूक'. एक जबरदस्त भाषण लिहून द्याल का?"

कॉलेजात असताना दोन-चार ढाली जिंकलेल्या माणसाला असा निरोप कधी ना कधी येतोच. मराठी शिकवता म्हणून ज्यांच्या गळ्यात वक्तृत्व मंडळ पडलंय, त्या नव्या शिक्षकांना तर दर मोसमात येतो. निरोप वाचून हात शिवशिवतात, कारण विषय ओळखीचा असतो आणि डोक्यात मुद्दे धावायला लागतात. पण या निरोपात बाजू नाही, वेळ नाही, समोर परीक्षक कोण बसणार तेही नाही. या तिन्हींवाचून लिहिलेलं भाषण म्हणजे निबंध. व्यासपीठावर तो दुसऱ्या मिनिटाला उघडा पडतो.

या तीन उणिवा सारख्या वजनाच्या नाहीत. परीक्षक माहीत नसले तर अंदाजाने भागतं. वेळ माहीत नसली तर मजकूर लहान-मोठा होईल असा रचता येतो. बाजू माहीत नसेल तर मात्र अंदाज चालत नाही, कारण चुकलेल्या बाजूचं भाषण शून्य कामाचं असतं. म्हणून खालच्या पायऱ्यांमध्ये बाजूला जास्त जागा दिली आहे. उदाहरण म्हणून हाच विषय घेतो, कारण गेली दोन-तीन वर्षं तो स्पर्धांत सारखा फिरतोय.

पहिली पायरी: माहितीपत्रकाचा फोटो मागवा

मुलांना प्रश्न विचारण्याआधी स्पर्धेच्या माहितीपत्रकाचा फोटो मागवा. निम्मी उत्तरं त्यात छापलेली असतात आणि ती कोणी वाचलेली नसतात. विषय वाचला, बक्षिसाची रक्कम वाचली, की मुलं पत्रक घडी घालून ठेवतात. नियम मागच्या पानावर बारीक टायपात असतात.

त्यात सगळ्यात आधी बघायचं ते हे, की ही खरंच वादविवाद स्पर्धा आहे का. आपल्याकडे 'वादविवाद' आणि 'वक्तृत्व' हे शब्द मुलं, आणि कधीकधी आयोजकसुद्धा, बिनदिक्कत एकमेकांच्या जागी वापरतात. पत्रकात 'अनुकूल' आणि 'प्रतिकूल' हे शब्द नसतील, खंडनाला वेळ किंवा गुण नसतील, आणि चार-पाच विषयांतला कोणताही एक निवडा असं म्हटलं असेल, तर ती वक्तृत्व स्पर्धा आहे. तिथे विषयाच्या दोन्ही अंगांवर बोलून आपलं मत मांडता येतं, आणि बाजूचा प्रश्नच मिटतो.

दुसरा प्रकार संसदीय पद्धतीच्या वादविवादाचा. पत्रकात सत्ताधारी आणि विरोधी संघ, मध्येच उठून विचारायचे प्रश्न, आणि विषय पंधरा मिनिटं आधी जाहीर होईल असं काही दिसलं, तर भाषण लिहून देऊच नका. तिथे बाजूसुद्धा ऐनवेळी मिळते. अशा मुलाला पाठ केलेलं भाषण देणं म्हणजे त्याचे हात बांधणं आहे. त्याच्याबरोबर बसून दोन्ही बाजूंचे मुद्दे उलटसुलट बोलून घ्या, तेवढंच त्याच्या उपयोगी पडेल.

आणि मग आपली ओळखीची पद्धत: प्रत्येक महाविद्यालयाचा दोघांचा संघ, एक जण अनुकूल बोलणार, दुसरा प्रतिकूल, आणि दोघांच्या गुणांची बेरीज करून सांघिक ढाल. पत्रकात 'संघात दोन स्पर्धक, प्रत्येक बाजूस एक' असं असेल, तर बाजू सांगितली नाही याचं कारण तुम्हाला मिळालं. तिथे भाषणं दोन लागणार आहेत. मागायला आलेला मुलगा फक्त स्वतःपुरतं मागतोय, आणि जोडीदाराने कोणती बाजू घ्यायची हे दोघांत अजून ठरलेलं नाही.

दुसरी पायरी: एकाच निरोपात विचारा, आणि उत्तर न आल्यास काय गृहीत धराल तेही सांगा

पत्रक मिळालं नाही, किंवा त्यात उत्तर नाही, तर विचारावं लागेल. इथे नवखे दोन टोकांना जातात. काही जण दहा प्रश्नांची यादी पाठवतात. मुलगा ती बघून घाबरतो आणि 'सर, तुम्हाला योग्य वाटेल तसं' असं लिहून मोकळा होतो. काही जण संकोचाने काहीच विचारत नाहीत आणि रात्री जागून मनातल्या मनात एक बाजू धरून लिहितात. मी असा निरोप पाठवतो:

"तीनच गोष्टी कळव. एक, विषयाचं वाक्य पत्रकात जसं छापलंय तसं, शब्द न बदलता. दोन, तुझी बाजू अनुकूल की प्रतिकूल. ठरली नसेल तर तसं सांग. तीन, किती मिनिटं, आणि पहिली घंटा कधी. परीक्षक कोण हे माहीत असेल तर सांग, नसेल तर राहू दे. उद्या संध्याकाळपर्यंत कळलं नाही तर मी पाच मिनिटं धरून दोन्ही बाजूंचे सांगाडे देईन, पूर्ण भाषण देणार नाही."

यातलं शेवटचं वाक्य महत्त्वाचं. उत्तर न देण्याची किंमत मुलाला कळते, आणि तुमचं काम अडत नाही. परीक्षकांचा प्रश्न मुद्दाम ऐच्छिक ठेवला आहे, कारण बहुतेक ठिकाणी ते स्पर्धेच्या सकाळपर्यंत आयोजकांनाही पक्कं माहीत नसतं. आमंत्रण तिघांना जातं, एक जण ऐनवेळी येत नाही, आणि त्यांच्या जागी संस्थेच्याच कोणाला तरी बसवतात.

तिसरी पायरी: बाजू कळली म्हणून थांबू नका, वाक्य वाचा

मुलगा कळवतो, "सर, अनुकूल." नवखा माणूस लगेच एकत्र निवडणुकांचे फायदे लिहायला बसतो. इथेच घात होतो.

'अनुकूल' म्हणजे योजनेच्या बाजूने नव्हे, छापलेल्या वाक्याच्या बाजूने. पत्रकावर 'लोकसभा आणि विधानसभांच्या निवडणुका एकत्र घ्याव्यात' असं असेल, तर अनुकूल वक्त्याने योजनेचं समर्थन करायचं. पण पत्रकावर 'एक देश, एक निवडणूक ही संकल्पना संघराज्याला घातक आहे' असं असेल, तर त्याच अनुकूल वक्त्याने योजनेवर तुटून पडायचं आहे. मुलगा बोलताना दोन्ही वेळा 'विषय एक देश एक निवडणूक, बाजू अनुकूल' असंच सांगणार. म्हणून वरच्या निरोपात पहिली मागणी वाक्याची आहे.

वाक्याचा दुसरा उपयोग असा, की सिद्ध किती करायचं हे त्यावरून कळतं. 'घ्याव्यात' असेल तर योजना चांगली आहे एवढं पुरत नाही, ती करण्याजोगी आहे हेही दाखवावं लागतं. 'घातक आहे' असेल तर प्रतिकूल वक्त्याला योजना उत्तम असल्याचं सिद्ध करायची गरजच नाही, ती घातक नाही एवढंच दाखवायचं. पुष्कळ मुलं इथे उगाच जास्तीचं ओझं उचलतात आणि अर्धा वेळ घालवतात. आणि 'काळाची गरज आहे' हे आपल्या आयोजकांचं लाडकं शेपूट असेल, तर अनुकूल वक्त्याला 'आत्ताच का' याचं उत्तर द्यावं लागतं. ते उत्तर भाषणात नसेल तर चांगला खंडनकर्ता नेमकं तिथेच बोट ठेवतो.

चौथी पायरी: बाजू कळत नसेल तर सामाईक टिपण आधी

उत्तर आलंच नाही असं धरू. सगळ्यात वाईट उपाय म्हणजे 'दोन्हीकडून चालेल' असं गुळमुळीत भाषण लिहिणं: फायदे आहेत, तोटेही आहेत, सुवर्णमध्य काढायला हवा. वादविवादात सुवर्णमध्याला गुण नसतात. काही ठिकाणी तर बाजू न सांभाळल्याबद्दल गुण कापतात.

त्याऐवजी आधी एक पानाचं सामाईक टिपण करा. दोन्ही बाजूंना मान्य करावीच लागेल अशी माहिती त्यात घ्यायची, विशेषणं नकोत. या विषयाचं टिपण साधारण असं होईल.

स्वतंत्र भारताच्या पहिल्या निवडणुकीपासून १९६७ पर्यंत लोकसभा आणि बहुतेक विधानसभांच्या निवडणुका एकत्रच झाल्या. १९६८-६९ मध्ये काही विधानसभा मुदतीआधी विसर्जित झाल्या, १९७० च्या अखेरीस लोकसभाही विसर्जित झाली, आणि वेळापत्रक फुटलं. सप्टेंबर २०२३ मध्ये माजी राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिने मार्च २०२४ मध्ये अहवाल दिला: आधी लोकसभा-विधानसभा एकत्र, आणि त्यानंतर शंभर दिवसांच्या आत महापालिका, नगरपालिका, पंचायती. डिसेंबर २०२४ मध्ये १२९ वं घटनादुरुस्ती विधेयक लोकसभेत मांडलं गेलं आणि संसदेच्या संयुक्त समितीकडे गेलं. सभागृह मुदतीआधी विसर्जित झालं तर नव्याने निवडून आलेलं सभागृह पूर्ण पाच वर्षांचं न राहता उरलेल्या काळापुरतंच राहील, अशी त्यात तरतूद आहे. विधेयकाची स्थिती स्पर्धेच्या आदल्या दिवशी पुन्हा तपासायची, असं टिपणाखाली ठळक लिहून ठेवा. जुनी स्थिती सांगणाऱ्या वक्त्याला परीक्षक सहसा अडवत नाहीत, फक्त मनात खूण करतात.

आता या टिपणातून दोन सांगाडे फुटतात. त्यासाठी एक युक्ती सांगतो: दोन्ही बाजूंना वापरता येईल असं एक घट्ट उदाहरण शोधा. बाजू ऐनवेळी बदलली तरी मुलाला आकडे नव्याने पाठ करावे लागत नाहीत. या विषयात ते उदाहरण आपल्या घरचंच आहे.

१९९९ मध्ये महाराष्ट्रात लोकसभा आणि विधानसभा अशा दोन्ही निवडणुका एकाच वेळी झाल्या. लोकसभेच्या ४८ पैकी २८ जागा शिवसेना-भाजप युतीने जिंकल्या. विधानसभेत मात्र २८८ पैकी १२५ वरच युती थांबली आणि सरकार विलासराव देशमुखांचं आलं.

अनुकूल वक्ता हे असं वापरेल: "माझे प्रतिस्पर्धी म्हणतील, मतदान एकत्र झालं की दिल्लीची लाट गल्लीत शिरते. अध्यक्ष महोदय, १९९९ साली महाराष्ट्राच्या मतदाराने एकाच वेळी दोन मतं दिली. दिल्लीसाठी त्याने युतीला अठ्ठावीस जागा दिल्या आणि मुंबईत त्याच युतीला बहुमताच्या खाली ठेवलं. ज्या मतदाराला दोन यंत्रांमधला फरक कळतो, त्याच्या शहाणपणावर शंका घेणारे आपण कोण?"

हे वाचताना एक खटकायला हवं. १९९९ मध्ये महाराष्ट्रात सरसकट मतदान यंत्रं नव्हती, मतपत्रिका होत्या. 'दोन यंत्रांमधला' हे वाक्य कानाला छान लागतं, पण जाणकार परीक्षक तिथेच थांबेल. 'दोन मतपत्रिकांमधला' करा. टाळीच्या वाक्यातच असे तपशील निसटतात, म्हणून तीच वाक्यं दोनदा तपासायची.

प्रतिकूल वक्ता तोच प्रसंग घेऊन म्हणेल: "माझ्या मित्राने १९९९ सांगितलं, पण अर्धंच. त्या वर्षी काँग्रेस आणि राष्ट्रवादी एकमेकांविरुद्ध लढले होते. निकालानंतर ते एकत्र आले. सरकार कोणाचं, हे मतपेटीत नाही, नंतरच्या बैठकांत ठरलं. आणि ही निवडणूक एकत्र झाली कशी? १९९५ ला निवडून आलेली विधानसभा मुदतीच्या काही महिने आधीच विसर्जित करून. एका वेळापत्रकासाठी जनतेने दिलेली मुदत कापायची, हेच तर आमचं म्हणणं आहे."

दोन्ही परिच्छेद खरे आहेत, दोन्हींत तीच माहिती आहे, आणि मुलाला पाठ करायचे आकडे तेच: ४८ पैकी २८, २८८ पैकी १२५. शिवाय दुसरा परिच्छेद म्हणजे पहिल्याचं खंडन आयतं तयार. दोघांचा संघ असेल तर दोघांनाही दोन्ही परिच्छेद द्या. आपलं उदाहरण कुठून फोडलं जाईल हे ज्याला आधी माहीत आहे, तो मांडतानाच ती फट बुजवतो. उदाहरणार्थ, अनुकूल वक्ता आपणहून म्हणेल की 'दोन्ही काँग्रेस वेगळ्या लढल्या हे मला मान्य आहे, पण त्या लोकसभेलाही वेगळ्याच लढल्या होत्या. मग दोन निकालांत फरक पडला तो कशाने?' हा प्रतिवाद चांगला आहे, कारण तो नेमका समोरच्याच्या बोटाखालची फट बंद करतो.

तिसऱ्या बाजूने कोणी २०२४ काढेल: त्या वर्षी राज्यात लोकसभेचं मतदान एप्रिल-मे मध्ये झालं आणि विधानसभेचं नोव्हेंबरमध्ये. लोकसभेत महाविकास आघाडी पुढे होती, विधानसभेत महायुतीला प्रचंड बहुमत. अनुकूल वक्ता सांगेल की एका वर्षात दोनदा आचारसंहिता लागली आणि कामं अडली. प्रतिकूल वक्ता सांगेल की सहा महिन्यांत मतदाराला पुन्हा बोलायची संधी मिळाली आणि तो वेगळं बोलला. हे राखीव ठेवा. दोन्ही प्रसंग एकाच भाषणात कोंबले तर आकड्यांची गर्दी होते आणि ऐकणाऱ्याला नेमकं काय लक्षात ठेवायचं तेच कळत नाही.

पाचवी पायरी: वेळ माहीत नसेल तर पाच मिनिटांचं लिहा, पण गाळता येईल असं

आपल्याकडच्या स्पर्धांत पाच ते सात मिनिटं सर्रास असतात, शाळांत तीन-चारही असतात. शेवटच्या मिनिटाला इशाऱ्याची घंटा आणि वेळ संपल्यावर दुसरी. अंतिम घंटेनंतर बोलत राहिलं की गुण जातात, आणि त्याहून वाईट म्हणजे समारोपाचं वाक्य गोंधळात हरवतं.

व्यासपीठावर मुलं मिनिटाला साधारण शंभर ते सव्वाशे मराठी शब्द बोलतात. मराठीत प्रत्यय शब्दालाच चिकटतात, त्यामुळे शब्द लांब आणि संख्या कमी. इंग्रजी भाषणांसाठी सांगितले जाणारे हिशेब इथे लावू नका, भाषण हमखास लांबतं. त्या मुलाचा वेग कळायचा असेल तर त्याला वर्तमानपत्रातला अग्रलेख मोठ्याने एक मिनिट वाचायला सांगा, आणि ते ध्वनिमुद्रण पाठव म्हणा. पण वाचण्यापेक्षा स्टेजवर बोलणं थोडं वेगळं असतं: घाबरलेला मुलगा वेगाने बोलतो, सराईत मुलगा टाळीसाठी थांबतो. म्हणून पाच मिनिटांसाठी मी पाचशे शब्दांच्या पुढे जात नाही.

वेळेची विभागणी मला अशी पटते: प्रास्ताविक अर्धा मिनिट, सामाईक माहिती पाऊण मिनिट, दोन मुद्दे प्रत्येकी सव्वा मिनिट, खंडन पाऊण मिनिट, समारोप अर्धा मिनिट. बेरीज पाच. दोनच मुद्दे का, असं मुलं विचारतात. त्यांना पाच हवे असतात. पाच मिनिटांत पाच मुद्दे म्हणजे नुसती मथळ्यांची यादी, एकही पुराव्यासकट उभा राहत नाही.

आता वेळ कळलेली नाही, म्हणून भाषणाच्या कागदावर समासात खुणा करा. दुसऱ्या मुद्द्यातलं उदाहरण चौकटीत घाला आणि बाजूला लिहा, 'चार मिनिटं असतील तर हे गाळ'. सात मिनिटं निघाली तर जोडायला तिसरा मुद्दा वेगळ्या कागदावर द्या, आणि तो कुठे बसेल हेही सांगा: दुसऱ्या मुद्द्यानंतर, खंडनाच्या आधी. गाळायचा भाग नेहमी मधला असावा. मुलं घाबरली की शेवट गाळतात, म्हणजे नेमकं जे शेवटी परीक्षकांच्या कानात राहायचं तेच जातं. समारोपाची दोन वाक्यं मुलाला स्वतंत्र पाठ करायला सांगा आणि इशाऱ्याची घंटा झाली की आहे तिथून सरळ त्या वाक्यांवर यायचा सराव करून घ्या. दोन-तीनदा मध्येच टेबल वाजवून बघा, जमतं की नाही लगेच कळतं.

सहावी पायरी: परीक्षक माहीत नसतील तर एकच वाक्य तीन जणांसाठी

तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या स्पर्धेत बहुधा तीन परीक्षक असतात: एखादे मराठीचे प्राध्यापक, एखादे वकील किंवा पत्रकार, आणि एखादे स्थानिक कार्यकर्ते किंवा जुने विजेते. राज्यशास्त्राचा जाणकार असेलच असं नाही, पण नसेलच असंही धरू नका. त्यामुळे परिभाषा वापरायची, पण तिचा अर्थ त्याच वाक्यात उलगडायचा. विधेयकातली 'उरलेल्या मुदती'ची तरतूद घेऊन बघू.

फक्त जाणकारांसाठी लिहिलं तर असं होतं: "मुदतपूर्व विसर्जनानंतर गठित होणाऱ्या सभागृहाचा कार्यकाळ उर्वरित मुदतीपुरता सीमित करण्याची तरतूद कलम ८३ व १७२ मधील पाच वर्षांच्या कार्यकाळाच्या तत्त्वाशी विसंगत आहे." वकील मान डोलावतील, बाकी दोघं खिडकीबाहेर बघतील. शिवाय बोलणारा मुलगा 'विसर्जनानंतर गठित' वर अडखळणार, हे वेगळंच.

फक्त सामान्यांसाठी लिहिलं तर: "सरकार पडलं की गोंधळच गोंधळ होणार, खर्च वाचणार कुठे?" यात काही सांगितलेलंच नाही.

तिघांनाही पोहोचणारं असं: "समजा, विधानसभा तीन वर्षांनी विसर्जित झाली. घटनेच्या १७२ व्या कलमाने नव्या विधानसभेला पाच वर्षं मिळतात. १२९ व्या घटनादुरुस्ती विधेयकाप्रमाणे तिला फक्त उरलेली दोन मिळतील. म्हणजे निवडणूक तीच, खर्च तोच, आणि आमदाराला काम करायला वेळ निम्म्याहून कमी. मग वाचलं काय?" कलमाचा क्रमांक वकिलांसाठी, 'समजा' कार्यकर्त्यांसाठी, आणि वाक्यांची लय प्राध्यापकांसाठी. आणि मुलाच्या तोंडी ते सहज बसतं.

परीक्षक कोण यापेक्षा गुणतक्ता कसा आहे हे जास्त उपयोगी पडतं, आणि तो पुष्कळदा पत्रकातच असतो. विषयाची मांडणी, भाषा आणि उच्चार, खंडन, एकूण प्रभाव असे रकाने बहुतेक ठिकाणी सापडतात. खंडनाला स्वतंत्र गुण असतील तर वरच्या विभागणीतला पाऊण मिनिट वाढवून सव्वा करा आणि सामाईक माहिती आखडती घ्या. भाषेला जास्त गुण असतील तर मुलं कवितेच्या ओळी मागतात. एक द्या, विषयाला लागू होत असेल तरच. पहिल्याच वाक्यात ओळ फेकण्याची पद्धत इतकी जुनी झाली आहे की परीक्षक ती ऐकताना पेन खाली ठेवतात.

सातवी पायरी: पाठवताना वरती गृहीतकं लिहा

भाषण पाठवताना कागदाच्या अगदी वरती तीन ओळी घाला: 'विषयवाक्य अमुक धरलं आहे. बाजू अनुकूल धरली आहे. वेळ पाच मिनिटं धरली आहे, चौकटीतला भाग गाळता येतो.' मुलगा भाषण एका दमात वाचतो, सूचना वाचत नाही. पण सगळ्यात वर असलेल्या तीन ओळी त्याच्या नजरेतून सुटत नाहीत, आणि काही चुकलं असेल तर त्याच दिवशी फोन येतो.

खंडनाच्या जागी पूर्ण लिहिलेला परिच्छेद देऊ नका. समोरचा काय बोलेल हे तुम्हाला माहीत नाही, आणि न बोललेल्या मुद्द्याचं खंडन करणारा वक्ता ऐकत नव्हता हे सगळ्यांना कळतं. त्याऐवजी चार चिठ्ठ्या द्या. एका बाजूला समोरचा घेऊ शकेल तो मुद्दा, दुसऱ्या बाजूला दोन वाक्यांचं उत्तर. समोरच्याने जो मुद्दा घेतला त्याची चिठ्ठी वर, बाकीच्या खिशात. या विषयात चार चिठ्ठ्या सहज होतात: खर्च, आचारसंहितेने अडणारी कामं, प्रादेशिक पक्षांचं काय, आणि सरकार मध्येच पडलं तर.

शुक्रवारी रात्री साडेनऊला फोन येतो, "सर, चिठ्ठ्या टाकल्या, मला प्रतिकूल आली." टिपण आणि सांगाडे तयार असतील तर घाबरायचं कारण नाही. त्याला सांगा: सामाईक माहिती जशीच्या तशी ठेव. १९९९ चा अनुकूल परिच्छेद काढ आणि प्रतिकूल घाल, आकडे तेच आहेत. 'माझ्या मित्राने १९९९ सांगितलं' हे पहिलं वाक्य मात्र समोरच्याने ते सांगितलं तरच म्हण, नाहीतर 'महाराष्ट्राने हा प्रयोग १९९९ मध्ये करून पाहिला आहे' असं सुरू कर. पहिला मुद्दा उरलेल्या मुदतीचा. दुसरा मुद्दा नव्याने पाठ करावा लागेल, तो सव्वा मिनिटाचा म्हणजे सव्वाशे शब्दांचा आहे, रात्रीत होतो. चिठ्ठ्या उलट्या कर: जे तुझे मुद्दे होते ते आता समोरच्याचे. आणि प्रास्ताविकात 'मी या विषयाच्या अनुकूल बाजूने' हे शब्द कुठे राहिले नाहीत ना, ते मोठ्याने वाचून बघ. दर मोसमात निदान एक तरी मुलगा ते तसंच म्हणतो.